हमीभावाचा गुणाकार

मागच्या महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता, 'हमीभावामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न दीर्घकाळात वाढतं'. अनुकूल बाजूची मुलं स्वामीनाथन आयोगाचं नाव घेऊन टाळ्या मिळवत होती. प्रतिकूल बाजूची मुलं सरकारी तिजोरीवरचा बोजा आणि 'फक्त सहा टक्के शेतकऱ्यांनाच फायदा' हे दोन मुद्दे आलटून पालटून वाजवत होती. निम्म्याहून जास्त मुलं शेतकऱ्यांच्या घरातली. बाहेर रस्त्यावर सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेले टेंपो आडतीकडे चालले होते. आणि दोन तासांत एकाही वक्त्यानं एकरी उतारा किती, हा शब्द तोंडातून काढला नाही. टीव्हीवरच्या चर्चांत याहून वेगळं काही होत नाही, म्हणून मुलांना दोष देववत नाही. पण परीक्षकाच्या खुर्चीत बसून जे बोलता आलं नाही, ते इथे लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हमीभाव पडणाऱ्या माणसाला खाली धरणारी जाळी आहे, वर चढायची शिडी नाही. जाळी हवीच, आणि ती फाटकी असेल तर सरकारला जाब विचारायलाच हवा. पण जाळी उंच बांधली म्हणजे माणूस वर चढतो, असं समजून गेली कित्येक वर्षं आपण भांडतो आहोत. त्या भांडणात उत्पन्न ज्यानं ठरतं त्या गोष्टी बाजूला पडतात.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. १९६४-६५ मध्ये देशात सव्वा कोटी टनांच्या आत असलेला गहू १९६९-७० मध्ये दोन कोटी टनांवर गेला. त्याच्या मागे नवं बियाणं, खत आणि पाणी होतं, पण १९६५ साली नेमलेला कृषी मूल्य आयोग आणि त्याच वर्षी उभं राहिलेलं अन्न महामंडळही होतं. पीक दुप्पट आलं आणि भाव निम्म्यावर आला, तर नवं बियाणं पुन्हा कोण पेरेल? ती भीती हमीभावानं काढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरं म्हणजे न्यायाचा मुद्दा. महागाई वाढली की नोकरदाराचा भत्ता वाढतो, आणि ते कुणाला बोजा वाटत नाही. मग शेतकऱ्याच्या घामाचा दाम मागितला की लगेच अर्थशास्त्र का आठवतं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, कारण तो प्रश्न बरोबर आहे. आणि त्या 'सहा टक्क्यां'बद्दलही थोडं बोललं पाहिजे. हा आकडा २०१५ च्या शांता कुमार समितीच्या अहवालातला, २०१२-१३ च्या पाहणीवर आधारलेला. सरकारी खरेदीला माल घालणारे शेतकरी किती कमी आहेत, एवढंच तो सांगतो. खरेदीच झाली नाही तर हमीभाव निरुपयोगी ठरला असं कसं म्हणणार? दवाखान्याला कुलूप होतं म्हणून औषध वाईट, असा हा युक्तिवाद आहे.

मग माझा आक्षेप कुठे आहे? तो माझ्या चुलतभावाच्या वहीत आहे. त्याची औसा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू जमीन, आणि तो हिशेब लिहितो, ही आमच्या घराण्यात दुर्मीळ गोष्ट. २०२४ च्या खरिपातला त्याचा एकरी खर्च असा होता. मशागत आणि पेरणी ३,००० रुपये, बियाणं २,७००, खत १,८००, तणनाशक आणि फवारण्या ३,२००, खुरपणी १,५००, काढणीचं गुत्तं ४,५००, मळणी २,०००, वाहतूक आणि हमाली ८००. एकूण १९,५००. स्वतःची आणि वहिनींची मजुरी यात धरलेली नाही. ती वहीत कधीच नसते. उतारा पडला एकरी सात क्विंटल.

त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. बाजारात त्याला ४,१०० मिळत होते. सात क्विंटलला हमीभावानं ३४,२४४ रुपये होतात, खर्च वजा जाता १४,७४४. बाजारभावानं २८,७०० होतात आणि हातात राहतात ९,२००. एकरी साडेपाच हजारांचा फरक, पाच एकरांत पावणेअठ्ठावीस हजार. हा फरक लहान नाही. मुलीच्या वसतिगृहाची फी त्यात भरली जाते. हमीभाव म्हणजे नुसती घोषणा, असं तुच्छतेनं म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी एकदा स्वतः करून पाहावी.

पण वहीचं मागचं पान उलटा. आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ मध्ये, ऑगस्ट जवळपास कोरडा गेला आणि उतारा आला चार क्विंटल. खर्च २०२४ चाच धरू. मळणी-वाहतूक थोडी कमी लागते, म्हणून एकूण १८,३०० धरा. चार क्विंटलला पूर्ण ४,८९२ चा भाव मिळाला, तरी येतात १९,५६८ रुपये. म्हणजे चार महिन्यांच्या राबणुकीनंतर एकरी बाराशे-तेराशे. आता उलट बाजू पाहा. त्याच्याच बांधाला लागून एकाचं शेततळं आहे. त्यानं रुंद वरंबा-सरीवर टोकण केली, शेंगा भरताना एक पाणी दिलं आणि दहा क्विंटल काढलं. त्याचा एकरी खर्च २०,७०० धरला आणि माल पडलेल्या ४,१०० च्या भावानं विकला, तरी हातात २०,३०० उरतात. हमीभाव मिळालेल्या सात क्विंटलवाल्यापेक्षा हमीभाव न मिळालेला दहा क्विंटलवाला पुढे आहे. उत्पन्न म्हणजे भाव गुणिले उतारा, वजा खर्च. वादविवादात आपण यातला एकच आकडा धरून बसतो. आपली सोयाबीनची सरासरी उत्पादकता कितीतरी वर्षं हेक्टरी टनाच्या आसपास रेंगाळते आहे आणि ब्राझील तीन टनांच्या पुढे आहे, ही गोष्ट कुठल्याही मोर्चाच्या फलकावर मी वाचलेली नाही.

'दीडपट हमीभाव' या शब्दाचं कोडंही इथेच सुटतं. २०२४-२५ साठी कृषी मूल्य आयोगानं सोयाबीनचा उत्पादन खर्च क्विंटलला ३,२६१ रुपये धरला होता. त्यात रोखीचा खर्च आणि घरच्यांची मजुरी येते. जमिनीचा खंड आणि भांडवलावरचं व्याज येत नाही. त्याची दीडपट म्हणजे ४,८९२. खंड आणि व्याज धरावं की नाही, यावर आंदोलनवाले आणि सरकार वर्षानुवर्षं भांडतात, आणि त्या भांडणात आंदोलनवाल्यांचं पारडं मला जड वाटतं. पण त्याहून मूळची गोष्ट अशी की खर्च एकरी होतो आणि हिशेब क्विंटलमागे लागतो. माझ्या भावाचा क्विंटलमागचा खर्च सात क्विंटलला २,७८६ होता, चार क्विंटलला तोच ४,५७५ झाला. बियाणं तेच, मजूर तेच, आभाळ वेगळं. देशभरासाठी जाहीर केलेला एक आकडा यातल्या कुठल्या वर्षाची दीडपट देणार? ज्या वर्षी आधाराची सगळ्यात जास्त गरज, त्याच वर्षी विकायला माल सगळ्यात कमी असतो. हमीभाव पिकलेल्या मालाला मिळतो, न पिकलेल्याला नाही.

आता जाळी किती फाटकी आहे तेही पाहू, कारण त्या २०२४ मध्ये राज्यात सोयाबीनची सुमारे ११ लाख टन सरकारी खरेदी झाली आणि तिचा विक्रम म्हणून गाजावाजा झाला. तरीही राज्यातल्या एकूण उत्पादनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ती पोचली नाही. माझ्या भावानं सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक घेऊन नोंदणी केली आणि मोबाइलवर निरोप यायची वाट पाहत बसला. केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ऑक्टोबरच्या पावसात भिजून काढलेल्या सोयाबीनमध्ये ती कुठून असणार? अंगणात ताडपत्रीवर चार दिवस वाळवलं तरी मीटर १४ च्या खाली उतरेना. तोवर दिवाळी तोंडावर आली, कृषी सेवा केंद्रवाल्याची उधारी होती, हरभऱ्याची पेरणी होती. निम्मा माल त्यानं आडतीवर घातला. नोव्हेंबरच्या मध्याला मर्यादा १५ टक्के झाली, पण तेव्हा अनेकांचा माल विकून झाला होता. पुढे बारदाना संपला, मुदती वाढत वाढत फेब्रुवारीपर्यंत गेल्या. उरलेला निम्मा माल त्यानं जानेवारीत केंद्रावर घातला आणि पैसेही मिळाले, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे हमीभाव मिळतो, पण ज्याला थांबायची ऐपत आहे त्याला. दोन एकरवाल्याकडे सगळ्यात कमी काय असतं, तर ती ऐपतच.

यावर एक सोपा उपाय सांगितला जातो. कायदा करा, हमीभावाच्या खाली कुणी खरेदी केली की तुरुंगात घाला. आपल्याकडे याची रंगीत तालीम होऊन गेली आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं अशी शिक्षेची तरतूद करायचं ठरवलं आणि अनेक बाजार समित्यांमधले लिलावच बंद पडले. व्यापाऱ्याला कमी भावानं घेऊ नकोस असं कायद्यानं सांगता येतं, घेच असं सांगता येत नाही.

'मग पंजाब?' असा प्रश्न आता येणारच, आणि तो यायलाच हवा, कारण अनुकूल बाजूचं ते सगळ्यात भक्कम उदाहरण आहे. बाजारात येणारा गहू आणि भात जवळजवळ सगळा सरकार घेतं, आणि २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पंजाबच्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न २६,७०१ रुपये निघालं. देशाची सरासरी होती १०,२१८. पण त्याच तक्त्यात पंजाबच्या वर एक राज्य आहे, मेघालय, २९,३४८ रुपये. तिथे हमीभावाची खरेदी नावापुरतीही धड नाही. पंजाबचं उत्पन्न जास्त आहे कारण तिथलं जवळजवळ सगळं शिवार ओलिताचं आहे, गहू हेक्टरी पन्नास क्विंटलच्या घरात जातो आणि जमीनधारणा आपल्यापेक्षा मोठी आहे. हमीभावानं त्या पिकाला भरवशाचं गिऱ्हाईक दिलं, हे खरं. पण उतारा दिला तो पाण्यानं. आणि त्या गिऱ्हाइकाची किंमतही आता दिसते आहे. पंजाबात वर्षाला जेवढं भूजल उपसण्याजोगं असतं, त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. १० जूनच्या आधी भात लावू नका असा कायदा २००९ मध्ये करावा लागला. ज्या माणसाच्या रोजच्या ताटात पोळीच असते, तो भातामागे विहिरी खोल करत गेला, कारण सरकार भात घेतं. मका किंवा डाळ लावायला सांगायचं, तर तिथे तसं गिऱ्हाईक नाही.

शिवाय भाव पक्का झाला की त्याचा वाटा मागायला आणखी कोणी तरी येतं. ही गोष्ट दोनशे वर्षांपूर्वीची आहे. १८१५ मध्ये इंग्लंडनं धान्य कायदा करून, देशात गव्हाचा भाव क्वार्टर या तिथल्या मापाला ८० शिलिंगांच्या वर जाईपर्यंत परदेशी गहू अडवून धरला. शेतकऱ्यांच्या नावानं केलेल्या त्या कायद्याबद्दल डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचं म्हणणं सरळ होतं: धान्य महागलं की जमिनीचं भाडं वाढतं, आणि नफा कसणाऱ्याकडे न राहता मालकाकडे जातो. १८४६ मध्ये कायदा गेला. आपल्याकडे खंडानं आणि बटईनं कसणारा कोण असतो? ज्याची स्वतःची जमीन पुरत नाही तो. आमच्या भागात २०२१ च्या तेजीनंतर खंडाचे भाव चढले, आणि सोयाबीन पडल्यावर ते तितक्या चटकन उतरले नाहीत. भाव जाहीर झाला की दुसऱ्या वर्षी खंड, मजुरी, काढणीचं गुत्तं सगळे आपापला हात पुढे करतात. त्यातल्या मजुराचा हात रास्त आहे, हे वेगळं सांगायला नको. पण कसणाऱ्याची वाढ त्यात विरून जाते आणि पुढच्या वर्षी नव्या खर्चावर नवा हमीभाव मागावा लागतो.

खुद्द महाराष्ट्रानं तर हा प्रयोग तीस वर्षं केला, आणि हमीभावाच्या चर्चेत त्याचं नाव निघत नाही याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. व्यापाऱ्याला मज्जाव, सगळा कापूस पणन महासंघानं घ्यायचा, हमी भाव द्यायचा आणि नफा झाला तर तोही वाटायचा. यापेक्षा मोठी हमी कोणती असते? काही वर्षं तिनं शेतकऱ्याला खरोखर हात दिला. पण आपला भाव शेजारच्या राज्यापेक्षा चढा असला की बाहेरचा कापूस वेशीतून आत यायचा, आणि कमी असला की आपला कापूस रात्रीतून बाहेर जायचा. ग्रेडरच्या मर्जीवर प्रत ठरायची, चुकारे हप्त्यांत यायचे, निवडणूक जवळ आली की भावात आगाऊ भर पडायची. तोटा साचत गेला आणि २००० नंतर एकाधिकार मोडीत निघाला. भावाची हमी हाच दीर्घकाळच्या उत्पन्नाचा रस्ता असता, तर तीस वर्षांनी विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला उभा राहिलेला दिसायला हवा होता. त्यानंतर विदर्भाचं नाव देशाच्या वर्तमानपत्रांत कशासाठी येत राहिलं, ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे प्रतिकूल बाजूचे लोक खूश होतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द. 'बाजारावर सोपवा' म्हणता, पण बाजार मोकळा आहे कुठे? २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, आणि नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव सहा हजारांच्याही खाली आला होता. त्या वर्षीचा हमीभाव ३,९५० होता, म्हणजे कागदावर शेतकऱ्यावर अन्याय झालाच नाही! तुरीचं त्याहून वाईट झालं. २०१६ मध्ये बोनससकट ५,०५० चा हमीभाव जाहीर करून पेरायला लावलं, विक्रमी पीक आलं, आणि तेव्हा निर्यातीला बंदी, व्यापाऱ्यावर साठ्याची मर्यादा आणि बाहेरून तूर येणं चालू. बाजार चार हजारांखाली गेला. केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा असतानाच २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबली. जूनच्या पहिल्या तारखेला पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, तो काही आभाळातून पडला नव्हता. शरद जोशी याला उलटी पट्टी म्हणायचे: सरकार देतं त्यापेक्षा काढून जास्त घेतं. भाव चढताना जो हात वरून दाबतो, त्याच हातानं भाव पडताना आधार द्यावा, एवढी मागणी ही दान मागणं नाही. हमीभाव हवाच, याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण हे आहे.

पण दाबलेला हात काढणं आणि आधार वाढवणं यात मला निवड करायला सांगितली, तर मी पहिलं निवडेन. सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी पेंड. म्हणून लातूरचा भाव पाम तेलाच्या आयात शुल्कावर आणि पेंडीच्या जागतिक भावावर हलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं, आणि आठ महिन्यांत, मे २०२५ मध्ये, ते साडेसोळावर आणलं. पेरणीच्या तोंडावर. शुल्क किती असावं यावर मतभेद असू शकतात, पण ते पेरणीआधी ठरवून काढणी होईपर्यंत हलवायचं नाही, एवढं बंधन सरकारनं स्वतःवर घातलं तर त्याला गोदाम लागत नाही, बारदाना लागत नाही, ओलावा मोजावा लागत नाही.

दिवाळीच्या त्या आठवड्यात थांबता येण्याची सोय आपल्याकडे आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्या, सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याज. तिलाही मर्यादा आहेत. गोदाम जवळ लागतं, आणि थांबल्यावर भाव वाढेलच असं नाही. २०२१ च्या तेजीची आठवण धरून पुढची दोन वर्षं घरात सोयाबीन साठवणाऱ्यांना हे चांगलंच माहीत आहे. माझा भाऊही त्यातलाच. त्याला मी तारण योजनेचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'दादा, मला गोदाम नको, शेततळं दे. दहा क्विंटल काढतो, मग कुठं विकायचं ते माझं मी बघतो.' यंदा त्यानं अर्ज केला आहे.

स्पर्धेचा निकाल राहिला. चषक मी अनुकूल बाजूच्या एका मुलीला दिला, माझं मत तिच्या विरुद्ध असूनही. समारोपात तिला विचारलं, की हमीभाव ४,८९२ असताना तुझ्या वडिलांनी ४,०५० ला का विकलं? बाकीच्यांनी अशा प्रश्नांना व्यवस्था, शोषण, धोरण अशी उत्तरं दिली होती. ती म्हणाली, 'सर, मॉइश्चर साडेचौदा होतं.'